नव्या युजरला सगळ्यांसारखीच यादी का मिळते?

प्रश्न: मूव्हीलेन्सच्या चित्रपट-रेटिंगच्या डेटावर मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन चालवलं. जुन्या युजरना बऱ्या शिफारशी येतात, पण नव्या प्रत्येकाला अगदी तीच यादी! कोड चुकलाय का?

उत्तर: बहुधा नाही. तुमचं सूत्र असं असणार:

```
mu + b_u + b_i + p·q
```

`mu` ही सगळ्या रेटिंगची सरासरी. `b_u` म्हणजे हा माणूस किती सढळ हाताने गुण देतो, `b_i` म्हणजे चित्रपट सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे. `p` म्हणजे माणसाची आवड आणि `q` म्हणजे चित्रपटाचे गुण, दोन्ही आकड्यांत मांडलेले. खरी आवडनिवड `p·q` मध्ये असते, आणि ती फक्त दिलेल्या रेटिंगवरूनच शिकता येते. नेटफ्लिक्सने 2006 मध्ये स्पर्धेसाठी दिलेल्या डेटात 4.8 लाख प्रेक्षक, 17,770 चित्रपट आणि 10 कोटी रेटिंग होती, तरी तक्ता जेमतेम 1.2 टक्के भरलेला. तेवढ्यावरही भागतं, कारण प्रत्येक ओळीत काहीतरी असतं. नव्या माणसाची ओळ मात्र कोरी, म्हणून त्याचे `p` आणि `b_u` सहसा शून्य धरले जातात. उरतं `mu + b_i`, आणि त्यात तो माणूस कुठेच नाही.

यासाठी मॉडेल पुन्हा शिकवत बसू नका. चित्रपटांचे `q` आहेत तसे ठेवा आणि एक-दोन रेटिंगवरून फक्त त्याचा `p` काढा. सोयीसाठी एकच घटक घेऊ आणि `b_u` तूर्त सोडून देऊ:

```
p = Σ(q·e) / (Σq² + λ)
```

समजा `mu` 3.5 आहे. त्याने एका चित्रपटाला 5 दिले. त्या चित्रपटाचा `b_i` 0.5 आणि `q` 0.8. अपेक्षा 4 ची होती, म्हणून फरक `e` = 1. λ हा `p` ला फार मोठं होऊ न देणारा आकडा; तो 0.36 घेतला तर `p` = 0.8/(0.64 + 0.36) = 0.8. आता दोन चित्रपट बघा: पहिल्याचा `b_i` 0.2 आणि `q` −1, दुसऱ्याचा `b_i` 0 आणि `q` 1. आधी पहिला 3.7 वर, म्हणजे पुढे होता, दुसरा 3.5 वर. आता पहिला 2.9 वर घसरतो आणि दुसरा 4.3 वर जातो. एका रेटिंगने क्रम उलटला! λ फार लहान ठेवलात तर मात्र एकाच रेटिंगवर मॉडेल वाजवीपेक्षा जास्त विश्वास टाकेल.

सुरुवातीला कोणते चित्रपट विचारायचे, यावर बरंच अवलंबून आहे. सगळ्यांना आवडणारा विचारला तर तोही 5 देईल, `e` शून्याजवळ राहील आणि हाती काहीच लागणार नाही. पुष्कळांनी पाहिलेला, पण ज्यावर मतं दुभंगली आहेत असा विचारा.

आणि तपासणी करताना रेटिंग सरसकट फेटून वाटू नका. तसं केलं की टेस्टमधल्या बहुतेक युजरची काही रेटिंग ट्रेनिंगमध्ये असतात, आणि आकडा छान दिसतो. काही युजर पूर्णच बाजूला काढा, त्यांची दोन-तीन रेटिंग `p` काढायला द्या आणि त्यांच्याच उरलेल्या रेटिंगवर चूक मोजा. मीही आधी हे केलं नव्हतं, त्यामुळे हा घोळ मला फार उशिरा कळला.