ऑफसाइटचं गाणं: घोळक्याला फक्त दोन शब्द द्या

कंपनीच्या ऑफसाइटला सगळ्यांनी म्हणायच्या गाण्याचा तुमचा मसुदा वाचला. चाल छान आहे, पण शब्द बदला. 'आम्ही सर्वोत्तम, आम्ही अजिंक्य' हे सहकाऱ्यांसमोर म्हणताना माणूस अवघडतो, कारण स्वतःची स्तुती मोठ्याने करायची सवय कोणालाच नसते. रोजच्या कामातली खरी गोष्ट मात्र तो सहज म्हणतो.

म्हणून गाणं सवाल-जवाबात बांधा. ओळ एकाने म्हणायची, उत्तर सगळ्यांनी. उदाहरणार्थ:

'शुक्रवारी सर्व्हर पडला, कोण आहे?'
'आहोत ना!'
'क्लायंटने पुन्हा सगळं बदललं, कोण आहे?'
'आहोत ना!'

आ, होत, ना या तीन मात्रा, चौथीवर टाळी. पाठ करायला काहीच नाही, कागद हातात नको, आणि टाळीमुळे हातांना काम मिळतं. लाजणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. प्रसंग मात्र प्रत्येक विभागाकडून एकेक मागवा, नाहीतर अकाउंट्सवाले गप्प बसतील. एखाद्याची चूक उघडी पाडणारा प्रसंग अजिबात घेऊ नका.

चाल सा ते ध यांच्यातच ठेवा, सा हार्मोनियमची पांढरी एक किंवा दोन. पुरुष खालच्या सप्तकात, बायका वरच्या, दोघांनाही ताण येत नाही. तार सा आला की निम्मे लोक नुसते ओठ हलवतात.

आधी वेगवेगळ्या विभागांतल्या चौघांकडून म्हणवून घ्या. दुसऱ्या 'आहोत ना'ला आवाज वाढला पाहिजे. नाही वाढला तर बहुधा सवालाची ओळ लांब झालेली असते आणि उत्तर कधी द्यायचं ते कळत नाही. तिथले शब्द कापा, 'कोण आहे?' तेवढं शेवटी राहू द्या.