गणित चुकलं म्हणून केमिकल सोडायचं का?

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे. ३०० केल्विनला ४ मोल हेलियम आणि १ मोल ऑक्सिजन यांचं मिश्रण, असं गणित होतं. हेलियमची आरएमएस गती मला ४३ मीटर प्रतिसेकंद आली आणि मिश्रणाची आंतरिक ऊर्जा ३१,१७८ जूल. दोन्ही उत्तरं चुकली. असं वारंवार होतं. केमिकल इंजिनिअरिंगचा विचार सोडून देऊ का?

उत्तर: नाही, एवढ्यावरून सोडू नकोस. तुझी आकडेमोड बरोबर आहे. चूक त्याआधीच, सूत्रात काय घालायचं हे ठरवताना झाली आहे.

√(3RT/M) मध्ये तू M म्हणून ४ घेतलंस. R जूलमध्ये असताना मोलर वस्तुमान किलोग्रॅममध्येच हवं, म्हणजे ०.००४. मग उत्तर येतं सुमारे १,३६८ मीटर प्रतिसेकंद. वहीत ४३ आल्याबरोबर तुला शंका यायला हवी होती. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो आणि तो रेणूंच्याच धडकांमधून पुढे सरकतो. मग हवेपेक्षा कितीतरी हलक्या हेलियमचे अणू ४३ नेच कसे रेंगाळतील? ऑक्सिजनची गती ४८४ येते. तापमान एकच असल्याने दोघांची सरासरी स्थानांतरणीय गतिज ऊर्जा सारखीच असते, म्हणून आठपट जड ऑक्सिजन √८ पट हळू. मिश्रणात असल्याने कोणाचीही गती बदलत नाही.

दुसरी चूक जास्त शिकवणारी आहे. पाचही मोलना तू 5/2 RT लावलंस. हेलियम एकाण्वीय आहे, त्याला फिरण्याची ऊर्जा धरायची नसते, म्हणून त्याला 3/2. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, तो दोन अक्षांभोवती फिरतो, म्हणून 5/2. RT म्हणजे २,४९४ जूल. हेलियमचे १४,९६५ आणि ऑक्सिजनचे ६,२३६, मिळून सुमारे २१,२०० जूल. प्रत्येक वायूची ऊर्जा वेगळी काढायची आणि मग बेरीज करायची, एवढंच. आदर्श वायूंचे रेणू एकमेकांना ओढत नाहीत, म्हणून ही साधी बेरीज चालते.

आता तुझ्या निवडीबद्दल. ऑक्सिजनचं हे 5/2 खोलीच्या तापमानाला छान जुळतं. भट्टीत १,००० केल्विनला मात्र रेणूतले अणू कंपही पावू लागतात आणि प्रतिमोल उष्माधारकता सुमारे २१ वरून २६ जूल प्रतिकेल्विनच्या पुढे जाते. तिथे 5/2 सोडून तापमानानुसार दिलेले तक्ते वापरावे लागतात. केमिकलच्या थर्मोडायनॅमिक्समध्ये तुला हेच रोज करायचं आहे: कोणता वायू, किती तापमान, कोणतं गृहीतक चालेल. प्रवेशाचा पर्याय भरण्याआधी एखाद्या सीनियरकडून त्या विषयाचं पुस्तक आण आणि वायूंच्या उष्माधारकतेचं प्रकरण वाच. ते वाचताना 'असं का?' असं विचारत पुढे जावंसं वाटलं तर केमिकल वर ठेव. नुसती सूत्रं पाठ करावीशी वाटली, तर मला परत लिही, आपण दुसऱ्या शाखांचा विचार करू.