ईजीएफआर ६९ म्हणजे मूत्रपिंडे ६९ टक्केच उरली आहेत का?

प्रश्न: माझे वय ४५ असून मी पुरुष आहे. मी रोज व्यायामशाळेत जातो आणि क्रिएटिनची पावडर घेतो. नेहमीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.३ आणि ईजीएफआर ६९ आले. म्हणजे माझी ३१ टक्के मूत्रपिंडे निकामी झाली का?

उत्तर: नाही. हा आकडा टक्क्यांत नसतोच. तो मिनिटाला किती मिलिलीटर रक्तद्रव गाळला जातो याचा अंदाज आहे, आणि वेगवेगळ्या अंगकाठीच्या माणसांची तुलना करता यावी म्हणून तो शरीराच्या १.७३ चौरस मीटर पृष्ठभागाच्या हिशेबाने दिला जातो.

प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केशवाहिन्यांचा एक गुंता असून रक्ताच्या दाबाने पाणी, क्षार आणि लहान रेणू त्यातून बाहेर ढकलले जातात, तर रक्तपेशी व बहुतेक प्रथिने आतच राहतात. तरुण निरोगी माणसात असे दिवसाला सुमारे १८० लिटर गाळले जाते आणि पुढच्या नलिका त्यातले जवळजवळ सगळे परत शोषून घेतात. लघवी उरते ती साधारण दीड लिटर.

हे गाळणे प्रयोगशाळेने प्रत्यक्ष मोजलेले नसते. तिने मोजलेले असते ते रक्तातले क्रिएटिनिन. स्नायूंतून ते सतत तयार होते आणि मुख्यतः गाळण्यांतून बाहेर पडते. गाळणे मंदावले की ते रक्तात साचते. वय आणि लिंग यांवरून स्नायूंचे सरासरी प्रमाण गृहीत धरून सूत्र उलटा हिशेब मांडते. म्हणूनच क्रिएटिनिन १.० असलेल्या ३० वर्षांच्या पुरुषाचा ईजीएफआर सुमारे १०४ येतो आणि तेवढ्याच क्रिएटिनिनच्या ७० वर्षांच्या स्त्रीचा सुमारे ६१.

तुमच्या बाबतीत हे गृहीतकच डळमळीत आहे. भरीव स्नायू, क्रिएटिनची पावडर, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम किंवा शिजवलेले मांस यांनी गाळणे तसेच राहूनही क्रिएटिनिन वाढू शकते. २०२१च्या सीकेडी-ईपीआय सूत्रात तुमचे वय आणि १.३ घातल्यास ६९ येते. त्याच जागी १.१ घातल्यास ८४. म्हणजे दर डेसिलिटर रक्तामागे ०.२ मिलिग्रॅमच्या फरकाने आकडा १५ने हलतो. (उलट, स्नायू झिजलेल्या वृद्धाचा आकडा फसवा चांगला दिसतो, आणि माझ्या मते ती चूक अधिक घातक आहे.)

डॉक्टरांना पावडरीबद्दल सांगा, ती काही आठवडे थांबवून आणि आदले एक-दोन दिवस जड व्यायाम टाळून क्रिएटिनिन पुन्हा तपासा. तरीही शंका राहिली तर स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेले सिस्टाटिन सी हे रक्तातले प्रथिन मोजता येते. त्याबरोबर लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तरही करून घ्या, कारण गाळणीला इजा झाल्याची खूण ईजीएफआर चांगला असतानाही तिथे दिसू शकते. हे गुणोत्तर ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि दुसरी काही खूण नसेल, तर केवळ ६९ या आकड्यावरून दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान होत नाही. त्यासाठी ईजीएफआर किमान तीन महिने ६०च्या खाली राहावा लागतो.