कंट्री रिस्क प्रीमियम काढताना रोखा कुठल्या चलनातला घ्यायचा?

प्रश्न: परदेशातल्या प्रकल्पाच्या कॉस्ट ऑफ इक्विटीत कंट्री रिस्क प्रीमियम मिळवायचा आहे. त्या देशाच्या सरकारी रोख्याचा यील्ड वजा अमेरिकी ट्रेझरीचा यील्ड, एवढं पुरतं का?

उत्तर: रोखा डॉलरमधला असेल तर सुरुवात म्हणून पुरतं. स्थानिक चलनातला असेल तर उत्तर साफ चुकतं, आणि ही चूक मी तपासायला आलेल्या मॉडेलांमध्ये वारंवार पाहिली आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत. दहा वर्षांची ट्रेझरी ४.५ टक्के देते. त्या देशाच्या सरकारने डॉलरमध्ये काढलेला दहा वर्षांचा रोखा ७.५ टक्के देतो, आणि स्थानिक चलनातला १४ टक्के. खरा स्प्रेड ३ टक्के. १४ मधून ४.५ वजा केले तर ९.५ येतात, पण त्यातला मोठा भाग दोन देशांच्या महागाईतल्या फरकाचा आहे, सरकार पैसे बुडवेल या भीतीचा नाही.

पुढची पायरी म्हणजे हा स्प्रेड शेअरांच्या जोखमीपर्यंत नेणं, कारण शेअर रोख्यापेक्षा जास्त हेलकावतात. तिथल्या शेअर निर्देशांकाचं प्रमाण विचलन २४ टक्के आणि डॉलर रोख्याचं १६ टक्के असेल, तर गुणक १.५ आणि प्रीमियम ४.५ टक्के. बीटा ०.८ आणि अमेरिकी बाजाराचा इक्विटी रिस्क प्रीमियम ५ टक्के धरला, तर ४.५ अधिक ४ अधिक ४.५, म्हणजे डॉलरमधली कॉस्ट ऑफ इक्विटी १३ टक्के. काहीजण देशाच्या प्रीमियमलाही बीटाने गुणतात, मग १२.१ येतात. मी सहसा गुणत नाही, कारण चलनबंदी किंवा जप्तीचा फटका कमी बीटाच्या धंद्याला सवलत देत नाही.

आता चुकीचा स्प्रेड घातला तर काय होतं बघा. ९.५ ला दीडपट केलं की १४.२५, आणि दर २२.७५ टक्क्यांवर जातो. समजा पूर्ण स्वभांडवलावरच्या प्रकल्पात ५ कोटी डॉलर घालायचे आहेत आणि दहा वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर परत येणार आहेत. १३ टक्क्यांनी त्यांचं आजचं मूल्य सुमारे ५.४३ कोटी होतं, २२.७५ ने ३.८३ कोटी. चांगला प्रकल्प केवळ चलनाच्या गोंधळाने नाकारला जातो.

रोकडप्रवाह स्थानिक चलनात असतील तर दर तिकडे न्या. महागाई तिथे ८ आणि अमेरिकेत २ टक्के धरली, तर १.१३ × १.०८ ÷ १.०२, म्हणजे साधारण १९.६ टक्के. इथे एक सापळा आहे: १४ टक्क्यांचा स्थानिक यील्ड जोखीममुक्त दर म्हणून घेऊन वर पुन्हा ४.५ मिळवू नका. सरकार बुडण्याची जोखीम त्या १४ मध्ये आधीच आहे, ती दोनदा मोजली जाते.

डॉलर रोखाच नसेल, किंवा त्याचे व्यवहार फार तुरळक असतील, तर त्याच मुदतीचा सीडीएस स्प्रेड घ्या. तोही नसेल तर तेवढंच पतमानांकन असलेल्या देशांच्या डॉलर रोख्यांचा सरासरी स्प्रेड चालतो.