तीन चौकोनांच्या स्लाइडआधी फोन नंबर ऐकव

पहिल्याच तासाला संवेदी, अल्पकालीन आणि दीर्घकालीन असे स्मृतीचे तीन चौकोन दाखवू नकोस. आधी बेळगावचा, पण मनाने रचलेला लँडलाइन नंबर मोठ्याने वाच: 0831 हा गावाचा कोड आणि पुढे 7 अंक. आवाज कानात दोन-चार सेकंद रेंगाळतो, ती संवेदी स्मृती. लक्ष दिलं तरच अंक अल्पकालीन स्मृतीत जातात. इथे फार थांबू नकोस.

खरी गंमत पुढे आहे. अंक अकरा, पण आपली पोरं ओझं उचलतात आठाचंच, कारण 0831 दीर्घकालीन स्मृतीतून अख्खा येतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला तेच चार अंक सुटे धरावे लागतात. म्हणून स्लाइडवर दीर्घकालीनकडून अल्पकालीनकडे, म्हणजे उजवीकडून डावीकडे येणारा बाणही काढ. बरेच जण तो विसरतात.

मग नंबर ऐकवून लगेच 300 पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजायला लाव. मनातली उजळणी थांबते आणि पंधरा-वीस सेकंदांत बहुतेकांचे अंक गळतात. कुणाचे टिकलेच, तर बहुधा तो मोजता मोजता चोरून घोकत असतो.

‘घोकलं की कायमचं झालं’ असं पोरं पेपरात लिहितात. नुसत्या घोकण्याने नंबर डायल होईपर्यंत टिकतो. पण शेवटचे चार अंक आजोबांचं जन्मसाल निघाले, तर तो महिन्यानेही आठवू शकतो.