टिपणीच्या शेवटच्या ओळीखाली काय आहे?

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला सरकारी नस्तीतल्या टिपणीचा फोटो पाहिला आणि तुझा प्रश्नही वाचला. कागद खरा आहे असं तुला एका अधिकाऱ्याने सांगितलं, मग उद्याच छापायला हरकत काय, असं तू विचारतोस. माझं उत्तर आहे, उद्या नको. कागद खोटा असावा असं मला वाटत नाही. पण त्याची शेवटची ओळ पुन्हा वाच. तिथे 'मान्यतेस्तव सादर' असं लिहिलंय आणि फोटो तिथेच संपतो.

८ फेब्रुवारी २०१९ रोजी 'द हिंदू'ने राफेल खरेदीसंबंधी संरक्षण मंत्रालयातली एक टिपणी छापली होती. तारीख होती २४ नोव्हेंबर २०१५. फ्रान्सशी वाटाघाटी करण्यासाठी अधिकृत समिती नेमलेली असताना पंतप्रधान कार्यालय समांतर बोलणी करतंय आणि त्यामुळे आपली बाजू कमजोर होते, अशी तक्रार तिच्यात होती. तेव्हाचे संरक्षण सचिव जी. मोहन कुमार यांनी त्यावर हाताने लिहिलं होतं की रक्षामंत्र्यांनी कृपया पाहावं, पंतप्रधान कार्यालयाने अशी बोलणी टाळणं इष्ट. बातमी मोठी होती आणि कागदही खरा होता. पण त्याच दिवशी त्या टिपणीची आणखी एक प्रत बाहेर आली. तिच्यात तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचा शेरा होता. पंतप्रधान कार्यालय आणि फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचं कार्यालय या विषयावर लक्ष ठेवून असावं असं दिसतं, पाचव्या परिच्छेदातली प्रतिक्रिया जरा जास्तच वाटते, सचिवांनी पंतप्रधानांच्या प्रधान सचिवांशी बोलून हे मिटवावं, असा त्याचा आशय होता. छापलेल्या प्रतिमेत हा शेरा नव्हता.

त्या शेऱ्याने तक्रार खोटी ठरत नाही. अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता हे तसंच राहतं. पण मंत्र्यांनी तो आक्षेप पाहिला आणि त्यावर काय म्हटलं, हे वाचकाला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. ते न कळल्यामुळे चर्चा समांतर बोलण्यांवरून सरकली आणि 'अर्धा कागद का छापला' यावर गेली.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सचिवांची ओळ. 'रक्षामंत्र्यांनी कृपया पाहावे' असं जो कागद सांगतो, तो पुढे कुणाकडे जाणार हेही सांगतोच. नस्ती वर जाताना प्रत्येक टप्प्यावर सही पडते, तारीख पडते, आणि ती मंत्र्यांकडे गेली तर बहुतेक वेळा शेराही पडतो. म्हणून टिपणी हातात आली की 'ही खरी आहे का' याच्याबरोबर 'ही कुठे थांबली' हेही विचारायचं. तुझ्या फोटोत उपसचिवांची सही आहे, सचिवांची नाही. मग सचिवांकडे ती गेली का? गेली तर त्यांनी मान्यता दिली, दुरुस्ती सुचवली, की 'चर्चा करावी' लिहून परत पाठवली? परत पाठवली असेल तर तुझ्या बातमीचा मथळाच बदलतो, कारण मग तो शासनाचा निर्णय उरत नाही, एका कार्यासनाने मांडलेला प्रस्ताव ठरतो.

आता खरेपणाच्या तपासणीबद्दल. 'एका अधिकाऱ्याने सांगितलं' हे पुरेसं नाही, कारण फोटो ज्याच्याकडून आला त्याच्याच वर्तुळातला तो असू शकतो. ज्याने हा फोटो पाहिलेला नाही अशा माणसाकडे जा आणि कागद न दाखवता विचार. नस्तीचा क्रमांक कोणत्या कार्यासनाचा आहे, त्या महिन्यात उपसचिवपदावर कोण होतं, ज्या बैठकीचा उल्लेख आहे ती त्या दिवशी झाली होती का. यातली बरीच उत्तरं उघड नोंदींमधूनही मिळतात. शासन निर्णय म्हणून फिरणारा कागद असेल तर काम सोपं असतं. त्यावरचा तारखेपासून सुरू होणारा लांबलचक संगणक सांकेतांक शासनाच्या संकेतस्थळावर शोधायचा. तिथे तो सापडला नाही तर संबंधित विभागाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. टिपणीला अशी सोय नाही, म्हणून तिच्यासाठी जास्त पायपीट लागते.

अक्षरं आणि छपाईही बघ. पाकिस्तानात २०१७ साली पनामा प्रकरणात शरीफ कुटुंबाने सादर केलेला एक करार २००६चा म्हणून दाखवला होता, पण तो कॅलिब्री या टंकात होता आणि तो टंक सर्वांसाठी बाजारात आला २००७च्या सुरुवातीला. अशा खुणेने कागद संशयास्पद ठरतो. उलट टंक बरोबर निघाला म्हणून कागद खरा ठरत नाही, हे लक्षात ठेव.

विभागाची बाजू घेताना फोटो त्यांना पाठवू नकोस. हे मी आग्रहाने सांगतो. २०१७ मध्ये अमेरिकेत 'द इंटरसेप्ट'ने एका गुप्त अहवालाची प्रत खातरजमेसाठी सरकारला दाखवली. प्रतीवरच्या घडीवरून तो छापून बाहेर नेल्याचं तपासयंत्रणेला कळलं, अहवाल फक्त सहा जणांनी छापला होता आणि तो बाहेर पाठवणारी कंत्राटी कर्मचारी रिॲलिटी विनर पकडली गेली. अनेक रंगीत लेझर प्रिंटर कागदावर डोळ्यांना सहज न दिसणारे पिवळे ठिपके सोडतात, त्यात यंत्राचा क्रमांक आणि वेळही असू शकते. तुझ्या फोटोत कोपऱ्यात टेबलाची काच आणि पेनाने केलेली एक खूण दिसते. ज्याचं ते टेबल आहे तो एका नजरेत ओळखेल. म्हणून मजकूर स्वतः टंकून घे आणि विभागाला फक्त प्रश्न पाठव. अमुक तारखेच्या प्रस्तावावर सचिवांचं मत काय झालं, असं सरळ विचार आणि उत्तराला कामकाजाचा किमान एक पूर्ण दिवस दे.

राहिली ती उद्या संध्याकाळी पाचपर्यंत न छापण्याच्या अटीवर आलेली प्रेसनोट. अट मान्य करून तू ती घेतली असशील तर ती पाळायची, आणि टिपणीची खातरजमा म्हणून तिचा उपयोग पाचच्या आधी करायचा नाही. तुझी टिपणी मात्र वेगळ्या वाटेने आली आहे. तिची स्वतंत्र खातरजमा पूर्ण झाली तर ती पाचच्या आधीही छापता येते, प्रेसनोट पाठवणाऱ्याने तुझ्या स्वतःच्या शोधावर बंधन घातलेलं नाही. फक्त कोणता तपशील कुठून आला हे वहीत वेगवेगळं लिहून ठेव, उद्या कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. न विचारता, परस्पर अट लिहून पाठवलेल्या नोटेने करार होत नाही, पण अशा वेळी लगेच फोन करून 'ही अट मला मान्य नाही' असं सांगावं. गप्प राहून नंतर छापू नये.

'गोपनीय' शिक्क्याची भीती तुझ्या पत्रात दिसली. राफेलच्याच प्रकरणात ६ मार्च २०१९ रोजी महान्यायवादींनी कागद चोरीला गेल्याचं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, आणि त्यामुळे ते खरे असल्याची जणू सरकारनेच ग्वाही दिली. १० एप्रिलला न्यायालयाने हे कागद विचारात घेण्यावरचे सरकारचे आक्षेप फेटाळले. गोपनीय शिक्का असलेला कागद छापण्यापासून रोखण्याचा अधिकार शासकीय गुपिते अधिनियमाने किंवा दुसऱ्या कुठल्या कायद्याने सरकारला दिलेला नाही, असं त्यात म्हटलं आहे. याचा अर्थ १९२३चा तो कायदा संपला असा नाही. गुन्हा दाखल होण्याची शक्यता उरतेच, म्हणून छापण्याआधी संपादक आणि वकील दोघांनी मजकूर वाचलेला असावा. तुझ्या टिपणीवर असा शिक्का नाही, पण केवळ तेवढ्याने हा प्रश्न संपत नाही.

उद्या सकाळी सचिवांच्या कार्यालयात नस्तीच्या क्रमांकाने चौकशी कर. ती वर गेली की परत आली एवढं कळलं की मला फोन कर, मग मथळा ठरवू.

तुझा,
जुना वृत्तसंपादक