खिडकी कॉपी करायची, तर आधी लेयर बघा

फोटोशॉपमध्ये वाड्याच्या फोटोतली एक खिडकी वेगळी काढायची आहे ना? मग मार्की टूलने निवडीचा चौकोन ओढण्याआधी लेयर्स पॅनेलमध्ये वाड्याच्याच लेयरवर क्लिक करा. चौकोन कुठल्याही लेयरचा नसतो. Ctrl+J दाबताना जो लेयर निवडलेला असेल, त्यातलाच भाग नव्या लेयरवर कॉपी होतो. चुकून वरचा मजकुराचा लेयर निवडलेला राहिला, तर खिडकी येतच नाही. तिथे रिकामा पिक्सेल लेयर असेल, तर निवडलेला भाग रिकामा असल्याचा संदेश येतो. अशा वेळी चौकोन पुन्हा काढू नका, फक्त योग्य लेयर निवडून परत Ctrl+J दाबा.

नवी खिडकी जुनीच्या अगदी वरच बसते, त्यामुळे काहीच घडलं नाही असं वाटतं. खालच्या लेयरचा डोळा बंद करून खात्री करा. कडा धूसर दिसल्या, तर Feather शून्य करून चौकोन नव्याने ओढा.